भाष्यकार म्हणजे कोण? : टीकेचा सारार्थ आणि मौखिक शिकवणीचे श्रेय



आजचा विषय ऐकायला थोडा कोरडा वाटेल, पण आपल्या घरांशी त्याचा संबंध जवळचा आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे आता एम.ए., पीएच.डी. करतात. त्यांतली काही संतसाहित्यावर, गीतेच्या मराठी टीकांवर किंवा वारकरी कीर्तनावर काम करतात. त्यांच्यासमोर दोन अडचणी येतात. टीका आपल्या शब्दांत मांडली तर ती चोरी कधी ठरते, ही एक. आणि जे पुस्तकात नाही, कीर्तनात किंवा प्रवचनात ऐकले आहे, घरच्या वडीलधाऱ्यांकडून कळले आहे, त्याचे श्रेय कसे द्यायचे, ही दुसरी. या दोन अडचणी मुळात एकच आहेत असे मला वाटते, आणि ते दाखवण्यासाठी मी ज्ञानेश्वरीतला एकच दृष्टांत घेऊन त्याच्यामागे जाणार आहे.

सुरुवात मात्र ग्रंथाच्या शेवटापासून करतो. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशात ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. अठराव्या अध्यायाच्या शेवटी ज्ञानदेव आपल्याला हे कोठून मिळाले ते सांगतात. शंकरांपासून मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ आणि मग निवृत्तिनाथ अशी मौखिक परंपरा ते नावे घेऊन, क्रमाने देतात. ग्रंथ लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा, त्यांचेही नाव तिथे येते. आज आपण ज्याला उगम, मार्गदर्शक आणि लेखनिक म्हणू, ते तिन्ही तिथे आहेत.

आता त्याच ठिकाणची दुसरी गोष्ट पाहा. लेखी टीकांचे ऋण सांगताना ज्ञानदेव म्हणतात, की आपण व्यासांच्या मागोमाग निघालो आणि रस्ता चुकू नये म्हणून भाष्यकारांकडे चौकशी करीत आलो. इथे मात्र नाव नाही, नुसते ‘भाष्यकार’. समोर बसलेल्या श्रोत्यांना कोण ते कळले असणार. आपल्याला कळत नाही. बहुतेक अभ्यासक त्याचा अर्थ शंकराचार्य असा घेतात, पण त्यावर वाद झालेला आहे. ज्ञानदेवांचे तत्त्वज्ञान शांकर अद्वैताशी सगळीकडे जुळते का, हा प्रश्न त्या एका शब्दापाशी येऊन अडकतो. सातशेहून अधिक वर्षांनंतरही हा प्रश्न मिटलेला नाही. ज्यांचे बोलणे ऐकले त्यांची नावे दिली म्हणून ती परंपरा आपण आज सरळ वाचू शकतो, आणि ज्यांचे लिखाण वाचले त्यांचे नाव दिले नाही म्हणून तिथे तर्क करीत बसावे लागते. ज्ञानदेवांना याचा दोष लावण्याचा प्रश्नच नाही. ते प्रबंध लिहीत नव्हते आणि त्या काळी तशी रीतही नव्हती. पण जो आज प्रबंध लिहितो त्याने ‘टीकाकार म्हणतात’, ‘परंपरेत असे मानतात’, ‘थोर संतांनी म्हटले आहे’ एवढ्यावर भागवले, तर पुढच्या वाचकासाठी तो हेच कोडे नव्याने घालून ठेवतो.

तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. नाथांनी आपण काय केले, केव्हा केले आणि का केले हे शेवटी स्पष्ट लिहून ठेवले. पाठांत भेद पडले होते, ते पाहून प्रत नीट केली, असे ते सांगतात. आणि जो कोणी यात आपली ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात नारळाची करवंटी ठेवल्यासारखे होईल, अशा अर्थाचा इशाराही देतात. दुसऱ्याचे शब्द आपले म्हणून सांगणे ही एक चोरी. आपले शब्द दुसऱ्याच्या नावावर खपवणे ही तिची उलटी बाजू, आणि धर्मग्रंथांच्या बाबतीत हीच जास्त घडते. ‘माउली म्हणतात’ असे म्हणून माउलींनी कधीच न म्हटलेले सांगणारे आपण सगळ्यांनीच ऐकले आहेत. नाथांनी स्वतः स्वतंत्र टीका भरपूर लिहिली, पण ज्ञानेश्वरीला हात लावताना ते संपादकच राहिले, आणि नाव घातले तेही गुरूंचे नाव जोडून.

आता दृष्टांताकडे येतो. ज्ञानेश्वरीचा पहिला अध्याय. अर्जुनाने दोन्ही सैन्ये पाहिली आणि त्याचे अंतःकरण द्रवले. गीतेत हे थोडक्यात येते: तो अत्यंत करुणेने भरून गेला, त्याचे अंग गळाले, गांडीव हातातून सुटू लागले. ज्ञानदेव इथे थांबतात. ज्याने शंकरांशी झुंज घेतली, निवातकवचांचा नायनाट केला, त्या अर्जुनाला मोहाने क्षणात कवळले, असे ते म्हणतात. आणि मग दोनशे एकव्या ओवीत भुंगा येतो. कसलेही कोरडे लाकूड पोखरून काढणारा भुंगा कोवळ्या कळीत मात्र अडकतो. पुढच्या ओवीत ते आणखी एक पाऊल जातात. तिथे तो प्राण देईल, पण पाकळी चिरणार नाही. स्नेह असा कोवळा असूनही कठीण असतो.

समजा, आपल्या लिंबायतमध्ये किंवा उधन्यात राहणारी एक विद्यार्थिनी ‘गीतेवरील मराठी टीकांतील मोहाची कल्पना’ यावर प्रबंध लिहिते आहे. तिची गोष्ट मी या व्याख्यानासाठी रचली आहे. ग्रंथांचे सगळे तपशील मात्र खरे आहेत. तिच्या पहिल्या मसुद्यात असा उतारा आहे:

‘शंकराचार्य आणि ज्ञानेश्वर यांनी अर्जुनाचा मोह भ्रमराच्या दृष्टांताने स्पष्ट केला आहे. काष्ठाला भोके पाडणारा भ्रमर कमळात बंदिस्त होतो, कारण त्याला पाकळी फाडवत नाही. जो हळुवारपणा एका ठिकाणी गुण असतो, तोच दुसऱ्या ठिकाणी मोह ठरतो, असे आपल्याला दिसून येते.’

तीनच वाक्ये आहेत. ती साम्य तपासणाऱ्या प्रणालीत घातली तर बहुधा काहीच सापडणार नाही. शब्द तिचे आहेत. तरीही प्रत्येक वाक्यात काहीतरी चुकले आहे, आणि प्रत्येक चूक वेगळ्या जातीची आहे.

पहिल्या वाक्यात शंकराचार्य कुठून आले? गीतेवरच्या शांकरभाष्यात पहिल्या अध्यायाचे श्लोकवार विवरणच नाही. प्रस्तावना झाल्यावर आचार्य भाष्याला हात घालतात तो दुसऱ्या अध्यायात, जिथे भगवंतांचा उपदेश सुरू होतो त्या सुमारास. अर्जुनाचा विषाद ते थोडक्यात आटोपतात. म्हणजे या जागी शंकराचार्यांचा भुंगा असूच शकत नाही. तिने भाष्य उघडलेले नाही. ज्ञानेश्वरीला शांकरभाष्याचा आधार आहे असे कुठेतरी वाचले आणि नाव जोडून दिले. यात चोरी नाही, पण प्रामाणिकपणाही नाही. न वाचलेल्या ग्रंथाचा संदर्भ देणे हा खोटा संदर्भच. परीक्षकाने एकदा भाष्य उघडले की पकडला जाईल असा.

दुसऱ्या वाक्यातला भुंगा ज्ञानदेवांचा आहे असे म्हणावे, तर तिथेही थोडे थांबावे लागते. लाकूड भेदण्यात पटाईत असलेला भुंगा कमळाच्या कोशात हतबल होतो, ही कल्पना संस्कृत सुभाषितांत आहे. चाणक्यनीती या नावाने प्रसिद्ध असलेल्या संग्रहात ती प्रेमाच्या बंधनाच्या संदर्भात येते. असे संग्रह शतकानुशतके वाढत गेले, त्यामुळे कोणी कोणाकडून घेतले असे ठाम लिहिण्याच्या भरीस पडू नये. पण एवढे निश्चित लिहिता येते, की ‘हा ज्ञानेश्वरांचा स्वतःचा दृष्टांत’ असे म्हणणे धोक्याचे आहे. ज्ञानदेवांचे आहे ते काय? हा भुंगा त्यांनी अर्जुनाजवळ आणून ठेवला. शिवाशी लढलेल्या वीराच्या शेजारी लाकूड पोखरणारा किडा ठेवला आणि दोघांची गाठ स्नेहाशी घातली. ही योजना त्यांची. सारार्थ लिहिताना श्रेय द्यायचे ते या योजनेचे. हा फरक लक्षात आला की विद्यार्थिनीला सांगण्यासारखी स्वतःची गोष्टही मिळते. सुभाषितात प्रेमबंधन सर्वसाधारण आहे, इथे ते एका विशिष्ट माणसाच्या पराक्रमाला लागून येते. नीट श्रेय दिल्याने तिचे काही कमी झाले नाही, उलट एक नवा मुद्दा हाती आला.

याच कारणाने दृष्टांत हा टीकेतल्या उसनवारीचा सगळ्यात चांगला साक्षीदार आहे. तत्त्वविचार अनेकांचा सारखा असू शकतो. ‘देह नाशवंत, आत्मा अविनाशी’ असे लिहायला कोणाची परवानगी लागत नाही आणि त्याला तळटीपही नको. दुसऱ्या अध्यायातले कासव गीतेचेच आहे. तिथे गीतेचा श्लोक द्यावा, टीकाकाराचे नाव नको. पण एखाद्या टीकेत एकामागून एक तीन दृष्टांत येतात आणि विद्यार्थ्याच्या लिखाणात तेच तीन त्याच क्रमाने आले, तर शब्द कितीही बदललेले असोत, ते लिखाण त्या टीकेचेच आहे. ‘काष्ठ’च्या जागी ‘लाकूड’ आणि ‘भ्रमर’च्या जागी ‘भुंगा’ लिहिले म्हणून क्रम आपला होत नाही.

हे तपासायची एक साधी रीत मी विद्यार्थ्यांना सांगतो. टीका वाचावी, पुस्तक मिटावे, निदान एक रात्र जाऊ द्यावी, मग न पाहता लिहावे. त्यानंतर पुस्तक उघडून दोन्ही शेजारी ठेवावीत आणि शब्द पाहू नयेत, विचाराच्या पायऱ्या मोजाव्यात. आधी कोणते आले, नंतर कोणते, दृष्टांत कुठे बसला. पायऱ्या त्याच असतील तर परिच्छेदाच्या सुरुवातीलाच ‘इथून पुढे अमुकांचे विवेचन संक्षेपाने देत आहे’ असे लिहावे आणि ते कुठे संपते तेही दाखवावे. शेवटच्या वाक्याला एक तळटीप लावून दिली की वाचकाला वाटते, तेवढे एक वाक्यच उसने आहे आणि वरचे अर्धे पान लेखकाचे. टीकांच्या सारार्थात हीच लबाडी सर्वांत जास्त चालते, आणि पुष्कळदा ती नकळत होते.

आणखी एक थर मधे आहे, तो आपण विसरतो. तिने तेराव्या शतकातली मराठी थेट वाचली का? बहुतेक जण सोनोपंत दांडेकरांची १९५३ सालची सार्थ ज्ञानेश्वरी किंवा तशी दुसरी एखादी अर्थासह छापलेली प्रत हाताशी धरून वाचतात. त्यात काही गैर नाही, मीही तेच करतो. पण मग ‘पाकळी फाडवत नाही’ ही अर्थछटा ओवीतून आली की खालच्या गद्य अर्थातून, हे पाहायला हवे. गद्य अर्थातून आली असेल तर त्या अर्थकर्त्याचे नाव यायला हवे. संदर्भ देताना अध्याय आणि ओवी यांचा क्रमांक द्यावा, आणि कोणती प्रत ते सुरुवातीला एकदा सांगावे. राजवाड्यांनी छापलेली संहिता आणि प्रचलित एकनाथी परंपरेची संहिता यांत ओव्यांची संख्या सारखी नाही, त्यामुळे नुसत्या क्रमांकाने वाचक भलत्याच ओवीवर पोचतो.

इथे आपल्या सुरतेचा एक खास धोका सांगतो. आपली बरीच मुले गुजराती माध्यमात शिकली. घरी मराठी, वाचन गुजराती. गीतेवरचे एखादे गुजराती विवेचन वाचून ते मराठीत उतरवले, तर साम्य तपासणारी प्रणाली ते सहसा पकडत नाही, कारण ती जुळणारे शब्द शोधते. भाषांतर केलेला परिच्छेद मराठीत कोराकरकरीत दिसतो. पण तो भाषांतर आहे आणि मूळ लेखकाचा आहे. विनोबांची गीता-प्रवचने तुम्ही गुजरातीतून वाचली असतील तर ‘गुजराती अनुवादावरून’ असे लिहा. विनोबा मराठीत बोलले होते, तेव्हा मूळ मराठी मिळवून ताडून पाहणे तर आणखी बरे.

नियम काय म्हणतो तेही थोडक्यात सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याबाबत नियम केले. साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. दहा ते चाळीस टक्के असेल तर प्रबंध सहा महिन्यांत सुधारून द्यावा लागतो. चाळीस ते साठ टक्क्यांना एक वर्ष सुधारित प्रबंध सादर करता येत नाही, आणि साठच्या वर गेले तर नोंदणीच रद्द होते. योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, प्रस्तावना आणि आभार यांचा हिशेब या टक्क्यांत धरला जात नाही. आपल्याच गुजरातेतल्या गांधीनगरचे इन्फ्लिबनेट ही तपासणीची सोय विद्यापीठांना पुरवते. सगळे ठीक आहे, पण या टक्केवारीने एक चुकीची समजूत रुजली आहे: ‘माझे नऊ टक्के आले, म्हणजे मी सुटलो.’ मघाचा तीन वाक्यांचा उतारा शून्य टक्के येईल. यंत्र शब्दांची चोरी पाहते. विचाराची, क्रमाची आणि ऐकलेल्या गोष्टीची चोरी पाहण्याची सोय त्यात नाही.

आता त्या उताऱ्यातले तिसरे वाक्य. ‘जो हळुवारपणा एका ठिकाणी गुण असतो, तोच दुसऱ्या ठिकाणी मोह ठरतो.’ हा सगळ्या उताऱ्यातला सर्वांत चांगला विचार आहे, आणि तो कुठल्याच पुस्तकात नाही. तिने तो एका सप्ताहात ऐकला. कीर्तनकार खानदेशातले, लूम्सच्या कारखान्यात आयुष्य गेलेले. त्यांनी भुंग्याची ओवी घेतली आणि समोरच्या कामगारांना म्हणाले: लोखंडी रोल उचलून ठेवणारा हात धागा तुटला की कसा हलका होतो! ताकद असते, पण तो ओढत नाही, श्वास रोखून सांधतो. मागावर हा गुण आहे. अर्जुनाचा हातही तसाच हलका झाला, पण तो मागावर नव्हता, रणात होता. तिथे तो मोह.

विद्यार्थिनीने लिहिले, ‘असे आपल्याला दिसून येते.’ कोणाला दिसले? कीर्तनकारांना. ज्ञानदेवांनी स्नेहाची कठीणता सांगितली होती. हाच कोवळेपणा जागा बदलली की गुण ठरतो, ही पुढची पायरी त्या कीर्तनकारांची आहे. छापील लेखकाचे असे वाक्य असते तर तिने घाबरून तळटीप दिली असती. बोलणारा माणूस छापलेला नाही, म्हणून त्याचा विचार बेवारस समजला गेला. आपल्याकडे हे फार सहज होते, कारण कीर्तन सर्वांचे असते अशी आपली समजूत आहे. कीर्तन सर्वांसाठी असते हे खरे, पण त्यातला विचार सुचलेला एकालाच असतो.

मग नोंद कशी घ्यायची? ऐकले त्याच रात्री वहीत लिहावे: वक्त्याचे नाव, ते कोणत्या फडाचे किंवा कोणाकडे शिकले, प्रसंग कोणता, जागा, तारीख आणि तिथी, निरूपणाला कोणती ओवी किंवा अभंग घेतला होता. त्यानंतर आठवेल ते लिहावे, पण शब्द आठवणीतले असतील तर अवतरणचिन्हे घालू नयेत. अवतरणचिन्हे फक्त ध्वनिमुद्रण असेल तेव्हाच. आणि ध्वनिमुद्रण करण्याआधी विचारावे.

दुसऱ्या दिवशी महाराजांना जाऊन भेटावे. हे काम टाळले जाते आणि तिथेच सगळे बिघडते. तीन प्रश्न विचारायचे. हे आपल्याला कोणाकडून मिळाले? प्रबंधात आपले नाव घातलेले चालेल का, आणि कसे लिहू? मी जे लिहिले आहे ते वाचून दाखवते, बरोबर आहे का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर तीन प्रकारचे येते. ‘आमच्या गुरूंनी सांगितले होते’ असे आले तर नोंदीत दोन्ही नावे जातात, ऐकणाराने ज्यांच्याकडून ऐकले ते आणि त्यांनी ज्यांच्याकडून ऐकले ते. ‘मलाच सुचले’ असे आले तर श्रेय सरळ त्यांचे. पण पुष्कळदा उत्तर येते, ‘अहो, ते पुस्तकातलेच आहे,’ आणि महाराज पिशवीतून प्रत काढून दाखवतात.

या तिसऱ्या उत्तरासाठीच हा खटाटोप करायचा. छापील ग्रंथ कीर्तनात जातो, कीर्तनातून विद्यार्थ्याच्या वहीत येतो आणि प्रबंधात ‘मौखिक परंपरेतील अर्थ’ म्हणून छापला जातो. मग पुढचा अभ्यासक म्हणतो, बघा, ग्रंथ आणि मौखिक परंपरा दोन्ही एकच सांगतात, म्हणजे अर्थ प्राचीन आहे! साक्षीदार एकच होता, त्याला दोनदा उभे केले. हे ओळखायच्या खुणा आहेत. ऐकलेल्या निरूपणात दृष्टांतांचा क्रम एखाद्या छापील टीकेसारखा असतो, बोलण्यात मधेच पुस्तकी शब्द येतात, किंवा त्या छापील प्रतीतली एखादी चूकही तशीच्या तशी बोलण्यात येते. अशी शंका आली की ‘मौखिक’ हा शब्द वापरण्यापूर्वी छापील टीका ताडून पाहाव्यात.

संदर्भसूचीत ही नोंद कुठे घालायची, हाही प्रश्न असतो. विद्यापीठांत रूढ असलेल्या अमेरिकी एपीए पद्धतीत जे ध्वनिमुद्रित किंवा प्रकाशित नाही, ते ‘व्यक्तिगत संवाद’ म्हणून फक्त मजकुरात येते. सूचीत त्याला जागा नाही. म्हणजे सूचीत पुस्तकवाले राहतात आणि कीर्तनकार गळतात. कॅनडातल्या आदिवासी समाजांच्या वडीलधाऱ्यांबाबत हाच प्रश्न आला, तेव्हा लॉरिशिया मॅक्लाउड या ग्रंथपालांनी त्यांच्यासाठी स्वतंत्र नमुने तयार केले. त्यांत त्या वडीलधाऱ्यांचे नाव, त्यांचा समाज, ते राहतात ती जागा, शिकवणीचा विषय आणि तारीख अशी पूर्ण नोंद सूचीत येते. आपल्याला तो साचा सहज वळवता येतो: आडनाव, नाव, परंपरा किंवा फड, गाव, निरूपणाची ओवी, प्रसंग, जागा, तारीख. ‘ह.भ.प.’ मजकुरात आदराने लिहावे, पण सूची आडनावाने लावावी, नाहीतर सगळे कीर्तनकार एकाच अक्षराखाली गोळा होतात आणि कोणी सापडत नाही. प्रबंधाच्या आरंभी आभारात महाराजांचे नाव आहे, एवढ्याने काम होत नाही. आभार कृतज्ञतेसाठी असतात, आणि कोणता विचार कोणाचा हे त्यातून कळत नाही. नाव त्या विचाराच्या जागी यायला हवे.

हे सगळे आपल्याकडे कधी जमले का? जमले, आणि तेही फार लांब नाही, इथून थेट रस्ता जातो त्या धुळ्यात. २१ फेब्रुवारी १९३२ ते १९ जून १९३२, धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी विनोबांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले. अठरा रविवार, अठरा अध्याय. त्याच तुरुंगात असलेल्या साने गुरुजींनी ती उतरून घेतली. गीता-प्रवचनांच्या बाबतीत वक्ता कोण, लिहून घेणारा कोण, जागा कोणती, कोणत्या दिवशी कोणता अध्याय, हे सगळे आज बिनचूक सांगता येते. विनोबांच्या बोलण्यावर ज्ञानदेवांची छाया किती आहे हे वाचकाला पदोपदी दिसते. तेव्हा एखादी कल्पना विनोबांच्या नावावर टाकण्याआधी ती ज्ञानेश्वरीत आहे का, हे इथेही पाहावेच लागते. आणि ‘साने गुरुजींनी लिहिले’ असे म्हणणे जसे चूक, तसेच त्यांचे नाव गाळणेही चूक.

आता मघाची विद्यार्थिनी तिचा उतारा असा लिहील:

‘पहिल्या अध्यायात अर्जुनाला झालेल्या करुणेवर ज्ञानदेव भुंग्याचा दृष्टांत योजतात (१.२०१-२०२, दांडेकर प्रत). ही कल्पना संस्कृत सुभाषितांतही आढळते, परंतु ती अर्जुनाच्या पूर्वपराक्रमाशेजारी ठेवण्याची योजना इथे दिसते. शांकरभाष्यात या भागाचे विवरण नसल्यामुळे त्याच्याशी तुलना शक्य नाही. याच ओव्यांवरील निरूपणात एका कीर्तनकारांनी हातमागावर आणि यंत्रमागावर गुण ठरणारा हळुवारपणा रणात मोह कसा ठरतो, असा पुढचा अर्थ मांडला. हे विवेचन त्यांचे स्वतःचे असल्याचे त्यांनी भेटीत सांगितले. मी या दोन अर्थांतील अंतर पुढे तपासते.’

‘एका कीर्तनकारांनी’ याच्या जागी प्रबंधात त्यांचे पूर्ण नाव येईल. इथे उदाहरण असल्यामुळे मी घातले नाही. उतारा पूर्वीपेक्षा लांब झाला आणि शेवटच्या वाक्यात प्रथमच तिचे स्वतःचे काम सुरू झाले.

घरातल्या आठवणींबद्दल एक गोष्ट सांगून थांबतो. आपल्या बऱ्याच घरांत गरुडेश्वरची, वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामींची आठवण सांगितली जाते: ‘महाराजांनी आमच्या आजोबांना असे सांगितले होते.’ महाराज १९१४ मध्ये नर्मदाकाठी गरुडेश्वरला समाधिस्थ झाले. त्यामुळे आज जो कोणी हे सांगतो, त्याने ते दुसऱ्या-तिसऱ्या तोंडून ऐकले आहे. प्रबंधात ‘टेंबे स्वामी म्हणत’ असे येऊ नये. ‘अमुक यांनी आपल्या वडिलांकडून ऐकलेल्या आठवणीनुसार’ असे लिहावे, सांगणाऱ्याचे नाते आणि सांगितल्याची तारीख द्यावी, आणि महाराजांच्या छापील ग्रंथांत तसे काही आहे का ते पाहावे. आठवण खरी असेलही. पण ती कोणाची आठवण आहे, हे आधी लिहावे लागते.

आणि काही गोष्टी घरातल्या वडीलधाऱ्यांना किंवा गुरूंना छापून नको असतात. दीक्षेच्या वेळी सांगितलेले असते, किंवा ‘हे तुझ्यासाठी’ म्हणून सांगितलेले असते. विद्यार्थ्याला ते मोलाचे वाटते आणि नाव गाळून छापण्याचा मोह होतो. नाव गाळले तर श्रेयही गेले आणि शब्दही मोडला. अशा ठिकाणी प्रबंधात एवढेच लिहावे, की या भागाबद्दल मिळालेली माहिती सांगणाऱ्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाही. परीक्षकाने विचारले तर तोंडी परीक्षेतही तेच उत्तर द्यावे.